दोन ठिपक्यांमधलं शिखर



गेल्या गणेशोत्सवाच्या आधीची गोष्ट आहे. माझ्याकडे ध्वनिमुद्रण शिकलेल्या एका मुलाचा रात्री उशिरा फोन आला. एका ढोल-ताशा पथकाचं वादन त्यानं मुद्रित केलं होतं, मिक्स करून फाईल पथकाकडे पाठवली होती. तो म्हणाला, "दादा, माझ्याकडे सगळं स्वच्छ वाजतंय. मीटर एकदाही लाल झाला नाही. पण त्यांना एमपीथ्री करून दिली, तर ताशाच्या प्रत्येक कडकडाटावर आवाज फाटतोय. कन्व्हर्टर खराब आहे का?"

कन्व्हर्टर खराब नव्हता आणि मुलगाही निष्काळजी नव्हता. मीटरनं जे दाखवलं तेसुद्धा खरं होतं. फक्त आवाजाचं सर्वांत उंच शिखर त्या मीटरच्या नजरेत येत नव्हतं. ते कुठे लपतं आणि फाईल लहान करताना ते आणखी उंच का होतं, एवढंच आज मला सांगायचं आहे.

सुरुवात ठिपक्यांपासून करू. संगणक आवाजाची लाट अखंड साठवत नाही. सीडीसाठी सेकंदाला ४४,१००, व्हिडिओसाठी साधारणपणे ४८,००० इतक्या वेळा तो लाटेची उंची मोजतो आणि आकडे लिहून ठेवतो. हा प्रत्येक आकडा म्हणजे एक सॅम्पल. आलेखावर हे ठिपके मांडले की पुष्कळांना वाटतं, ते सरळ रेघांनी जोडले की झाली लाट तयार. तसं होत नाही. स्पीकरपर्यंत जाणारी लाट ही त्या सगळ्या ठिपक्यांमधून जाणारी गोलसर, वळणदार रेघ असते, आणि सेकंदाला जितकी सॅम्पल घेतली त्याच्या निम्म्या वारंवारितेच्या आतच राहायचं असं बंधन घातलं की अशी रेघ एकच निघते. दोन ठिपक्यांच्या मध्ये ही रेघ दोघांपेक्षाही वर चढू शकते.

एक हिशेब करून पाहू. सेकंदाला ४८,००० सॅम्पल घेताना १२,००० हर्ट्झचा शुद्ध स्वर वाजला, तर त्याच्या प्रत्येक आवर्तनात बरोबर चार ठिपके बसतात. ते शिखरावर पडले तर प्रश्नच नाही. पण समजा, ते शिखराच्या अलीकडे आणि पलीकडे सारख्या अंतरावर पडले, म्हणजे ४५ अंशांवर. मग लाटेची खरी उंची १ असताना चारही ठिपक्यांची उंची फक्त ०.७०७ भरते. मीटर ठिपकेच वाचतो. त्याला वाटतं, अजून बरीच जागा शिल्लक आहे. आपण आवाज वाढवत जातो, ठिपके कमाल मर्यादेला टेकतात, मीटर शून्य डेसिबल दाखवतो आणि लाल होत नाही. त्या क्षणी लाटेचं खरं शिखर मर्यादेच्या १.४१४ पट, म्हणजे ३ डेसिबल वर असतं. एकाही आकड्यात ते लिहिलेलं नाही, तरी ते त्या आकड्यांतच आहे. याला इंटरसॅम्पल पीक म्हणतात.

मग हे शिखर बाहेर केव्हा येतं? कोणी ती रेघ प्रत्यक्ष काढायला बसलं की. सीडी प्लेअरमध्ये किंवा फोनमध्ये आकड्यांचा विद्युतप्रवाह करणारी चिप आधी मधले ठिपके गणितानं भरते. तिच्या आत मर्यादेच्या वर जागा ठेवलेली नसेल, तर शिखराचा माथा तिथेच कापला जातो. ४८ हजारांची फाईल ४४.१ हजारांवर आणताना ठिपक्यांच्या जागा बदलतात, तेव्हाही लपलेलं शिखर आकड्यांत उतरतं. डेन्मार्कमध्ये काम करणाऱ्या सोरेन नील्सन आणि थॉमस लुंड यांनी २००० साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या अधिवेशनात नेमका हा विषय मांडला होता. त्या काळी गाण्यांचा आवाज वाढवण्याची चढाओढ जोरात होती आणि सीडी शून्याला टेकवून दाबून भरल्या जात होत्या.

यावर उपाय म्हणून आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानं २००६ साली बीएस १७७० या शिफारशीत ट्रू पीक मोजण्याची पद्धत दिली. कल्पना साधी आहे. मीटरनं स्वतःच ती रेघ काढायची. ४८ हजारांच्या फाईलमध्ये दर दोन ठिपक्यांमध्ये आणखी तीन ठिपके गणितानं बसवायचे, म्हणजे सेकंदाला १,९२,००० ठिपके होतात, आणि त्यांतला सर्वांत उंच वाचायचा. मीटरवर या आकड्यापुढे `dBTP` असं लिहिलेलं दिसतं. हे मोजमापही अगदी तंतोतंत नसतं. नवे ठिपकेसुद्धा शिखर थोडक्यात चुकवू शकतात आणि चौपटीच्या मोजणीत वाईटात वाईट परिस्थितीत पाऊणएक डेसिबल कमी दिसू शकतं. पण तीन डेसिबलच्या आंधळेपणापुढे ही चूक लहान आहे.

आता त्या एमपीथ्रीकडे वळतो, कारण इंटरसॅम्पल पीक समजलं की लोकांना वाटतं, कोडं सुटलं. अर्धंच सुटलेलं असतं.

एमपीथ्री किंवा एएसी करताना आवाजातला काही भाग काढून टाकला जातो. काही काढून टाकल्यावर उंची कमी व्हायला हवी असं आपलं मन सांगतं. इथे उलट होतं, आणि ते का होतं हे चौकोनी लाटेवरून चांगलं कळतं. माथा सपाट असलेली, १ उंचीची चौकोनी लाट घ्या. ती अनेक स्वरांची बेरीज असते: एक मूळ स्वर, मग तिप्पट वारंवारितेचा, पाचपट वारंवारितेचा, असे क्रमानं क्षीण होत जाणारे. यातला मूळ स्वर एकटा पाहिला तर त्याची उंची १ नसून सुमारे १.२७ असते. म्हणजे तो एकटा असता तर दोन डेसिबल वर गेला असता. त्याचं डोकं खाली दाबून ठेवतो तो तिप्पट वारंवारितेचा स्वर, कारण मूळ स्वर वर असतो त्याच क्षणी हा खाली असतो. दाबणारा हात काढून घेतला की दबलेलं वर येतं.

१२८ किलोबिटचा एमपीथ्री करणारे एन्कोडर बहुधा १६-१७ हजार हर्ट्झच्या वरचं सगळं टाकतात. ६,००० हर्ट्झच्या चौकोनी लाटेत दाबणारा स्वर १८,००० वर असतो. तो गेला की सुमारे दोन डेसिबलची उसळी आलीच. खरं संगीत अशा शुद्ध चौकोनी लाटांचं नसतं, हे मला मान्य आहे. पण लिमिटरनं दाबून मोठा केलेला आवाज बघा, त्याचे माथे सपाट झालेले असतात, आणि तो सपाटपणा वरच्या स्वरांच्या नेमक्या बेरजेवरच टिकलेला असतो. एन्कोडर फक्त वरचे स्वर टाकतो असंही नाही. तो आवाजाचे लहान लहान तुकडे करून प्रत्येकाची ५७६ वारंवारितांत विभागणी करतो आणि जागा वाचवण्यासाठी त्यांची मापं ढोबळ करतो. ढोबळ मापं पुन्हा मिळवली की बेरीज कुठे जरा खाली, कुठे जरा वर जाते. किलोबिट जितके कमी, तितका ढोबळपणा आणि उसळी जास्त. ताशासारख्या टोकदार, वरच्या स्वरांनी भरलेल्या वाद्याला हे सर्वांत आधी बाधतं.

आता त्या मुलाच्या फाईलकडे येऊ. त्याचा लिमिटर उणे ०.१ वर लावलेला होता आणि साधा मीटर तेवढंच दाखवत होता. ट्रू पीक मोजलं तर ते अधिक ०.७ निघालं. १२८ किलोबिटचा एमपीथ्री करून, तो परत उलगडून मोजला, तर अधिक १.९. सोळा बिटांत लिहिता येणारा सर्वांत मोठा आकडा ३२,७६७ आहे. त्या शिखराला ४०,००० च्या वरचा आकडा हवा होता. प्लेअर तो लिहू शकत नाही, म्हणून तो ३२,७६७ लिहितो. पुढचा ठिपका, त्याच्या पुढचा ठिपका, तेच. कापलेल्या माथ्यातून मुळात नसलेले नवे स्वर निर्माण होतात आणि आपण म्हणतो, आवाज फाटला.

मोजायला महागडं काही लागत नाही. एफएफएमपेग हे मोफत साधन पुरतं:

```
ffmpeg -i tasha.wav -b:a 128k tasha.mp3
ffmpeg -i tasha.mp3 -af ebur128=peak=true -f null -
```

दुसऱ्या आज्ञेच्या शेवटी `True peak` खाली येणारा आकडा पाहायचा. हे साधन एमपीथ्री दशांशांत उलगडतं, त्यामुळे शून्याच्या वर गेलेलं शिखर न कापता दिसतं. इथे एक महत्त्वाची गोष्ट आहे. एमपीथ्रीत फाटलेला आवाज लिहिलेला नसतो. तिथे असतात फक्त वारंवारितांची मापं. माथा कापला जातो तो उलगडून पूर्णांकात लिहिताना. म्हणून त्याआधीच आवाज कमी करणाऱ्या प्लेअरवर तीच फाईल स्वच्छ वाजते आणि दुसऱ्याच्या फोनवर फाटते. "माझ्याकडे तर नीट वाजतंय" हा वाद बहुतेक वेळा इथूनच सुरू होतो.

फाटणं आणि एमपीथ्रीचा अंगभूत बिघाड यांत फरक करायचा असेल, तर मूळ फाईल ३ डेसिबलनं खाली आणा आणि तितक्याच किलोबिटला पुन्हा एमपीथ्री करा. चरचर गेली तर दोष उंचीचा होता. झांजांचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा अजूनही येत असेल, तर तो किलोबिट कमी पडल्याचा दोष आहे, आवाज कमी करून तो जाणार नाही. आणि मूळ फाईलमध्येच मिक्स करताना माथे कापले गेले असतील, तर यातलं काहीच उपयोगी पडणार नाही.

युरोपीय प्रसारण संघाच्या २०१० च्या आर १२८ या शिफारशीत ट्रू पीकची मर्यादा उणे १ आहे. स्पॉटिफायही उणे १ सुचवतं, आणि मास्टर उणे १४ लफ्सपेक्षा मोठा असेल तर उणे २. त्या मुलाच्या फाईलवर आम्ही आधी लिमिटर ट्रू पीकवर करून उणे १ ला लावला. ३२० किलोबिटला ते पुरलं. १२८ ला उलगडलेलं शिखर अधिक ०.२ आलं. मग उणे १.५ ला लावला, तेव्हा ते उणे ०.३ वर थांबलं. उणे १ हा आकडा पाठ करून भागत नाही, तो चांगला आरंभ आहे इतकंच. वादन किती दाबलेलं आहे आणि फाईल किती लहान करायची आहे, यावर खरा आकडा ठरतो.

दीड डेसिबल सोडायला पुष्कळ जण तयार नसतात. त्यांना मला आग्रहानं सांगायचं आहे की स्ट्रीमिंगच्या मोठ्या मंचांवर सगळी गाणी वाजवताना सारख्या पातळीला आणली जातात, तिथे तुमचा तो दीड डेसिबल तसाही राहत नाही. म्हणून फाईल हातातून सोडण्याआधी, ऐकणाऱ्यापर्यंत ती ज्या रूपात जाणार आहे त्या रूपात एकदा करा, उलगडा, मोजा आणि ताशा जिथे सर्वांत जोरात वाजतो ते दहा सेकंद साध्या फोनवर ऐका.