उरलेल्या कापडाचा हिशेब

इचलकरंजीच्या व्यापाऱ्याने भागीत एक लाखाचं कापड घेतलं. पुण्याच्या व्यापाऱ्याने 10 हजार भाडं भरून 1 लाख 20 हजारांची विक्री केली आणि उरलेलं कापड ठरलेल्या 14 हजारांना स्वतःकडे ठेवलं. दोघांचे व्यवहार एकत्र मांडणाऱ्या मेमोरँडम खात्यात ही रक्कम विक्रीसारखीच जमेला येते. नफा 24 हजार, निम्मा-निम्मा. पुणेकर स्वतःच्या वहीत खरेदी खातं नावे टाकून संयुक्त व्यवहाराचं खातं जमा करतो. इचलकरंजीच्या वहीत या कापडाची नोंदच नसते. पुण्याचं देणं 1 लाख 12 हजार, तेवढंच इचलकरंजीचं येणं. पुणेकर उरलेल्या कापडाची नोंद फक्त स्वतःच्या वहीत विसरला, तर 14 हजारांचा फरक लगेच दिसतो. स्वतःच्या वहीत आणि मेमोरँडम खात्यात, दोन्हीकडे विसरला तर मात्र आकडे बिनबोभाट जुळतात आणि इचलकरंजीकराचे 7 हजार बुडतात.