भाड्याने दिलेला फ्लॅट आणि बिलातल्या दोन ओळी

आज एकच बिल घेऊन बसूया. ठाण्यातल्या एका श्रोत्यांनी पाठवलंय. फ्लॅट त्यांनी भाड्याने दिलाय. महिन्याचं बिल असं: मालमत्ता कर 850, पाणी 350, सेवा शुल्क 1,400, दुरुस्ती निधी 700, सिंकिंग फंड 250. बेरीज 3,550. इथपर्यंत ठीक. खाली दोन ओळी: नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस 1,775, आणि 'भाडेकरूची माहिती उशिरा दिली' म्हणून दंड 2,000.

पहिली ओळ घेऊ. कमिटीने सरळ एकूण बिलाच्या निम्मी रक्कम लावली. विचारलं तर उत्तर काय? "एजीएममध्ये ठराव झालाय, तुम्ही सभेला आला नव्हता." अहो, ठराव झाला तरी चालत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम 79अ खाली 1 ऑगस्ट 2001 ला सरकारने आदेश काढला, की हे शुल्क सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येणार नाही. संस्थांनी त्याला आव्हान दिलं, पण मुंबई उच्च न्यायालयाने 2007 मध्ये तो आदेश कायम ठेवला. सर्वसाधारण सभेचं बहुमत त्याच्या वर जात नाही.

आणि 10 टक्के कशाचे, इथेच गंमत होते. एकूण बिलाचे नाहीत. सेवा शुल्क म्हणजे वॉचमन, सफाई कामगार, जिन्यातले दिवे, ऑफिसचा खर्च वगैरे. कर, पाणी, निधी त्यात येत नाहीत. म्हणजे 1,400 चे 10 टक्के, 140 रुपये. दर महिन्याला 1,635 जास्त घेतले जातायत! फ्लॅटमध्ये भाडेकरूऐवजी आई-वडील, मुलगा-मुलगी किंवा भाऊ-बहीण राहत असते, तर हे 140 सुद्धा लागले नसते.

आता दंड. माहिती द्यायला हवी होती, हे खरंच. तिथे मी कमिटीच्या बाजूने आहे. पण आदर्श उपविधींप्रमाणे दंडाचे दर सर्वसाधारण सभा ठरवते. कमिटी लेखी कारणे दाखवा नोटीस देते, सभासद सभेपुढे आपलं म्हणणं मांडतो, आणि मगच सभा दंड लावते. त्यालाही आर्थिक वर्षाला कमाल 5,000 ची मर्यादा आहे. इथे नोटीस नाही, सुनावणी नाही, सेक्रेटरींनी थेट बिलात आकडा टाकला. तुमच्या सोसायटीने स्वीकारलेले उपविधी मात्र एकदा तपासा, जुने असतील तर आकडा वेगळा निघेल.

मग करायचं काय? चिडून सगळं बिल थांबवू नका. थकबाकीदार ठरलात तर सोसायटी कलम 154ब-29 खाली वसुलीला जाऊ शकते, आणि व्याज वेगळंच. या श्रोत्यांना मी सांगितलं: 3,550 अधिक 140, म्हणजे 3,690 चा चेक द्या. सोबत पत्र द्या, त्यात उरलेल्या 3,635 वर हरकत का आहे ते लिहा, आणि ठरावाची व नोटिशीची प्रत मागा. पत्राची पोच घ्या, सही-शिक्क्यासकट. उत्तर आलं नाही तर तीच पोच जोडून उपनिबंधकांकडे तक्रार.