दारावरचा फलक आणि पावतीतली घडणावळ
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दसरा जवळ आला की सराफकट्ट्यावर प्रत्येक पेढीच्या दारात फलक लागतात. कुठे 'घडणावळ अर्ध्यावर', कुठे 'मजुरी माफ', कुठे सोन्यावर चांदीचं नाणं भेट. आमचीही पेढी त्याच रांगेत आहे आणि फलकाचा मजकूर गेली काही वर्षं मीच लिहितो. अक्षरं मोठी काढायला पेंटर असतो. कोणते शब्द ठेवायचे हे मात्र मला ठरवावं लागतं.

आधी आमचा फलक एवढाच असे : 'दसरा-दिवाळीनिमित्त २५ टक्के सूट'. एका आजींनी तो वाचून विचारलं, "म्हणजे लाखाचा दागिना पाऊण लाखाला देणार का रे?" प्रश्न अगदी सरळ होता. सोन्याचा भाव बाजार ठरवतो, त्यात पाव हिस्सा सोडून देणं कोणत्याही सराफाला परवडणारं नाही. सूट असते ती घडणावळीवर, म्हणजे दागिना घडवण्याच्या मजुरीवर. म्हणून पुढच्या वर्षी फलकावर मी असं लिहिलं : 'आजचा २२ कॅरेटचा भाव अमुक. या हाराची घडणावळ सोन्याच्या किमतीच्या १२ टक्के. सणाची सूट घडणावळीवर २५ टक्के, म्हणजे तुम्हाला ९ टक्के. घट वेगळी नाही. खडे-मण्यांचं वजन वजा. हॉलमार्कचा खर्च आणि जीएसटी पावतीवर स्वतंत्र.' फलक लांबला, पेंटर कुरकुरला, पण आजींचं समाधान झालं.

आता याचा हिशेब करू. आकडे सोपे पडावेत म्हणून भाव ग्रॅमला १०,००० रुपये धरू. खरा भाव त्या दिवशीचा घ्यायचा. निव्वळ १० ग्रॅमचा हार, म्हणजे सोनं १ लाखाचं. आमच्या फलकाप्रमाणे घडणावळ ९,००० रुपये. एकूण १,०९,०००. तयार दागिना विकताना सोनं आणि घडणावळ मिळून होणाऱ्या किमतीवर ३ टक्के जीएसटी लागतो, तो ३,२७० रुपये. हॉलमार्कचे नगामागे ४५ रुपये आणि त्यावरचा कर, म्हणजे ५३ रुपयांच्या आसपास. सगळं मिळून १,१२,३२३ रुपये.

शेजारच्या दारावर 'घडणावळीवर ५० टक्के सूट' आहे असं समजा. आमच्यापेक्षा दुप्पट सूट! पण आत गेल्यावर कळतं की मूळ घडणावळ २० टक्के आहे. निम्मी झाली तरी १०,००० रुपये. शिवाय पावतीत 'घट ४ टक्के' अशी एक ओळ. घट म्हणजे दागिना घडवताना कानस, पॉलिश, डाग यांत वाया जाणारं सोनं. ही घट खोटी नाही, पण बरेचसे सराफ ती घडणावळीतच धरतात, काही जण वेगळी लावतात. ते ४,००० झाले. म्हणजे १,१४,०००, त्यावर ३,४२० कर आणि हॉलमार्कचा खर्च : १,१७,४७३ रुपये. अर्ध्या घडणावळीचा हार पाच हजारांनी महाग पडला. 'मजुरी माफ'च्या फलकाखालीही हीच विचारणा करावी : घट किती, आणि ग्रॅमचा भाव आजच्या २२ कॅरेटच्या भावाइतकाच लावला आहे ना? सूट कशावर आहे हे ठाऊक नसेल, तर टक्क्याला काही अर्थ राहत नाही.

टक्केवारीची आणखी एक गंमत आहे. ती आमच्या धंद्याच्या सोयीची आहे, तरी सांगतो. भाव वाढला की टक्क्यातली घडणावळ आपोआप वाढते. कारागिराचं काम मात्र तेवढंच राहतं. त्यामुळे साध्या साखळी-बांगडीसाठी ग्रॅममागे ठरावीक रुपये अशी घडणावळ मागून पाहावी. सगळे देत नाहीत, पण विचारायला हरकत नाही.

वजनाचं तर जास्तच जपावं. मंगळसूत्रातले काळे मणी, हारातले खडे, बोरमाळेच्या पोकळ मण्यांत भरलेली लाख, यांतलं काहीच सोनं नव्हे. समजा मंगळसूत्राचं काट्यावरचं वजन १४ ग्रॅम आणि काळे मणी दीड ग्रॅमचे. भाव साडेबारा ग्रॅमचाच लागला पाहिजे. दीड ग्रॅमचा हा फरक वरच्या भावाने १५,००० रुपयांचा होतो, म्हणजे घडणावळीवरच्या सुटीपेक्षा कितीतरी मोठा. पावतीवर एकूण वजन आणि निव्वळ वजन असे दोन आकडे वेगवेगळे दिसले पाहिजेत.

आता हॉलमार्क. पुष्कळांचा समज असा की हॉलमार्क आहे म्हणजे व्यवहार चोख. हॉलमार्क फक्त शुद्धता सांगतो. वजन सांगत नाही, भाव किंवा घडणावळही सांगत नाही. सक्ती १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरी क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. भिंगातून तीन खुणा दिसतात : भारतीय मानक ब्युरोचं त्रिकोणी चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि हा क्रमांक. २२ कॅरेटला ९१६, म्हणजे हजार भागांत ९१६ भाग सोनं. १८ कॅरेटला ७५०. २ ग्रॅमपेक्षा हलक्या नगाला आणि कुंदन, पोलकी, जडाव कामाला सक्ती नाही, म्हणून बारीक नथीवर खूण नसली तर लगेच संशय घेऊ नये.

क्रमांक प्रत्येक नगाचा वेगळा असतो. त्यात इंग्रजी अक्षरं आणि आकडे मिसळलेले असतात. मोबाइलवर ब्युरोचं 'बीआयएस केअर' हे ॲप घेऊन तो क्रमांक त्यात भरला, की नग कोणता, शुद्धता किती, कोणत्या केंद्रात तपासला, कोणत्या सराफाच्या नावे नोंदला, हे समोर येतं. इथे दागिन्याचा प्रकार नीट वाचावा. हातात बांगडी आहे आणि ॲप अंगठी दाखवतं आहे, तर तो क्रमांक दुसऱ्याच नगावरून उचललेला असू शकतो. हे पाहायला दोन मिनिटं लागतात. पैसे देण्याआधी, दुकानातच पाहावं. चांगला सराफ स्वतःच भिंग पुढे करतो.

एवढं करूनही नंतर तपासणीत शुद्धता कमी निघाली, तर जेवढी कमी तेवढ्या किमतीच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च सराफाकडून मिळण्याची नियमात तरतूद आहे. पण त्यासाठी हातात पावती हवी, तीही नगाचं वर्णन, निव्वळ वजन, कॅरेट आणि हॉलमार्कचा खर्च लिहिलेली. 'कच्ची पावती घ्या, कर वाचेल' असं कुणी म्हटलं, तर वरच्या हारावर ३,२७० रुपये वाचतात आणि हा हक्क जातो.

राहिला मोडीचा प्रश्न. हाच हार पाडव्याला परत आणला तर सराफ सोन्याची किंमत देईल. घडणावळ आणि कर परत मिळत नाहीत. म्हणजे भाव तसाच राहिला तर १,१२,३२३ रुपयांच्या हाराचे फार तर १ लाख हातात येतील, आणि पेढीची मोडीची काही कपात असेल तर त्याहूनही कमी. ती कपात किती, हे घेतानाच विचारून पावतीवर लिहून घ्यावं. यंदा आमच्या फलकावर तीही ओळ घातली आहे. पेंटर म्हणाला, "शेठ, आता अक्षरं बारीक करावी लागतील." मी त्याला म्हटलं, सुटीचा आकडा बारीक कर, ही ओळ मोठी राहू दे.