बाबांचे तेहतीस लाख

आजचा विषय घरातलाच. बाबा अठ्ठावन्नाव्या वर्षी कंपनीतून रिटायर झाले. पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून खात्यात ३३ लाख आले आणि दोन महिने तसेच पडून राहिले. बँकेतला एक ओळखीचा माणूस 'गॅरंटीड इन्कम'ची विमा पॉलिसी घ्या म्हणून रोज फोन करायचा.

बाबांचं म्हणणं होतं, सगळे पैसे व्याजावर लावू, हप्ता व्याजातून जाईल. ताईच्या लग्नाचं पर्सनल लोन ३ लाख बाकी होतं, १४ टक्क्यांनी, हप्ता साधारण १०,२५०. मी म्हटलं, "बाबा, हेच ३ लाख ८.२ टक्क्यांनी ठेवले तर महिन्याला २,०५० मिळतात. आपण १४ देऊन ८ कमावतोय." ते गप्प बसले. मग दुसऱ्याच दिवशी जाऊन लोन बंद केलं. फोरक्लोजर चार्ज लागला, पण हप्ता गेल्यावर घरखर्च वीस हजारांत बसायला लागला.

आता ८.२ टक्के कुठले? सीनियर सिटिझन्स सेव्हिंग्ज स्कीम, पोस्टात किंवा बँकेत. एरवी साठ वर्षं पूर्ण लागतात. पण रिटायर झालेला माणूस पंचावन्ननंतरही खातं उघडू शकतो, मात्र निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत. पैसे कधी मिळाले याचा पुरावा लागतो. आमचे दोन महिने गेलेच होते! तारीख चुकली असती तर साठीपर्यंत थांबावं लागलं असतं.

तिथे २० लाख ठेवले. व्याज दर तीन महिन्यांनी ४१,००० येतं, म्हणजे महिन्याला साडेतेरा हजारांच्या वर. पोस्टाच्या मासिक योजनेत ५ लाख, ७.४ टक्क्यांनी, त्याचे तीन हजार. वर ईपीएसची पेन्शन ३,४००. जेमतेम वीस हजार जुळले. पहिलं तिमाही व्याज येईपर्यंत चालवायला १ लाख साध्या खात्यात ठेवला.

उरले ४ लाख. बाबांना तेही व्याजावर हवे होते. पण नोकरी संपली तसा कंपनीचा मेडिक्लेमही संपला आणि आईला डायबेटीस आहे. नवीन पॉलिसीत आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं. इथे चूक माझी. रिटायर होण्याआधीच विचारलं असतं, तर त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता आलं असतं, त्यांनी घेतलं असतं तर जुनी वर्षंही मोजली गेली असती. आता नवीन पॉलिसीचा प्रीमियम मी भरतो, आणि ते ४ लाख एक-एक लाखाच्या चार एफडींत आहेत. एक मोडली तरी बाकीच्या तीन चालू राहतात.

गेल्या महिन्यात आईच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी पहिली मोडली. बाबा काही बोलले नाहीत, फक्त पासबुक कपाटात ठेवलं.