अगस्तीचा खरा रंग

फेब्रुवारीच्या मध्यावर रात्री नऊला किहीमच्या किनाऱ्यावर उभं राहून दक्षिणेकडे पाहिलं, की अगस्ती दिसतो. व्याध वर चांगला चढलेला असतो. अगस्ती मात्र आपल्याकडे क्षितिजापासून जेमतेम एकोणीस अंश वर येतो, आणि त्याचं तापमान काढताना इथेच फसगत होते.

तारा जितका तापलेला, तितका त्याच्या प्रकाशात निळ्याचा वाटा जास्त. म्हणून दुर्बिणीला कॅमेरा लावून फोटो घ्यायचा आणि ताऱ्याच्या निळ्या प्रकाशाला हिरव्याने भागायचं. फोटो कच्च्या स्वरूपातच ठेवा. कॅमेऱ्याला आपणहून रंग सुधारू दिले, तर मोजण्यासारखं काही उरत नाही. फोकस किंचित हलवून ताऱ्याचा ठिपका पसरवा. नाहीतर मधले बिंदू भरून जातात आणि प्रत्येक तारा पांढराच दिसतो.

आता तुलना. उंचावरच्या व्याधाचं गुणोत्तर 1 धरू. त्याचं तापमान सुमारे 9,900 केल्विन. त्याच वेळी अगस्तीचं गुणोत्तर 0.67च्या आसपास येतं. म्हणजे जवळपास प्रश्वाइतकं, आणि प्रश्वा तर 6,500 केल्विनचा. पण हा दोष अगस्तीचा नाही. त्याचा प्रकाश डोक्यावरच्या ताऱ्याच्या तिप्पट हवेतून येतो, आणि समुद्रावरची दमट, धुरकट हवा हिरव्यापेक्षा निळा प्रकाश जास्त अडवते. मावळता सूर्य लाल होतो, तेच हे.

यावर मला सर्वांत पटलेला उपाय म्हणजे जागरण. रात्री दोनच्या सुमारास व्याध पश्चिमेला उतरत त्याच एकोणीस अंशांवर येतो, साडेतीनच्या सुमारास प्रश्वाही. दोघांचे फोटो तेव्हा घ्या. आता तिघांचाही प्रकाश सारख्याच जाडीच्या हवेतून आलेला असतो. या वेळचं व्याधाचं गुणोत्तर 1 धरलं, तर प्रश्वाचं 0.68 आणि अगस्तीचं 0.87. दोन ओळखीच्या ताऱ्यांमध्ये अगस्ती बसवला, की तापमान साडेआठ हजारांच्या आसपास येतं. मधल्या काळात धुकं उतरलं, तर मात्र हे गणित बिघडतं. म्हणून व्याधाचे फोटो पाच-पाच मिनिटांनी घेत राहावेत. तारा खाली उतरताना गुणोत्तर सावकाश घटायला हवं. ते मध्येच उडी मारू लागलं, तर त्या रात्रीचे आकडे सोडून द्यावेत.

वर्णपटावरून अगस्तीचं तापमान मिळतं सुमारे 7,400 केल्विन. म्हणजे हवेचा दोष काढल्यावरही हजारेक केल्विनचा फरक उरतोच. अगस्ती हा फुगलेला, विरळ वातावरणाचा महाकाय तारा आहे. तेवढ्याच तापमानाच्या साध्या ताऱ्यापेक्षा त्याचा रंग जास्त निळसर असतो. व्याध आणि प्रश्वा त्याच्या जातीचे नाहीत. त्यामुळे फक्त रंगावर विसंबलं, तर किहीमहून आपण साधारण इथपर्यंतच पोहोचतो.