थायरॉइड आवरला, तरी रक्त पातळ करणारी गोळी का?

थायरॉइड ग्रंथी जास्त काम करू लागली की हृदयाचे ठोके नुसते वाढत नाहीत, काहींचे ते बेतालही होतात. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता थरथरत राहतात. याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. वरच्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होते आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात होऊ शकतो.

माझ्याकडे आलेल्या ६७ वर्षांच्या एका काकूंचं उदाहरण सांगतो. वजन घटलेलं, हात थरथरत होते, आधीपासून रक्तदाब आणि मूत्रपिंडं बरीच कमकुवत. छातीवर ठोके मिनिटाला १४०, मनगटावर मात्र ११०, कारण काही ठोके नाडीपर्यंत पोचतच नव्हते. टीएसएच जवळजवळ शून्य.

"डॉक्टर, शॉक देऊन ठोके सरळ करता येत नाहीत का?" सूनबाईंनी विचारलं. येतात; पण रक्तात थायरॉइडचं संप्रेरक जास्त असेपर्यंत ते पुन्हा बिघडण्याचीच शक्यता जास्त. म्हणून आधी प्रोप्रानोलॉल देऊन गती आवरली. दमा असता तर ही गोळी टाळावी लागली असती. मूळ आजारावर कार्बिमॅझोल सुरू केलं.

रक्त पातळ करण्याचा निर्णय थायरॉइडच्या आकड्यावर नव्हे, तर प्रामुख्याने वय, रक्तदाब, मधुमेह, आधीचा पक्षाघात यांवर ठरतो. काकूंना ते औषध हवंच होतं. आज बहुतेकांना नवी औषधं देतात; त्यांना वारंवार आयएनआर तपासावा लागत नाही. मूत्रपिंडांमुळे काकूंना मात्र वॉर्फरिन दिलं.

इथे एक गंमत आहे, तीही धोक्याची. थायरॉइड वाढलेला असताना रक्त गोठवणारे घटक शरीरात लवकर संपतात, त्यामुळे थोडं वॉर्फरिनही पुरतं. २ मिलिग्रॅमवर काकूंचा आयएनआर २.४ होता, हवा असतो २ ते ३. थायरॉइड आटोक्यात येऊ लागला आणि दोन महिन्यांत, तेवढ्याच गोळीवर, तो १.४ वर उतरला. गोळी चुकली नव्हती, गरज वाढली होती. मात्रा हळूहळू ३.५ मिलिग्रॅमवर नेली. म्हणून या काळात आयएनआर वरचेवर तपासायचा.

थायरॉइडची पातळी सामान्य झाल्यावर बऱ्याच रुग्णांचे ठोके आपोआप तालावर येतात, बहुधा पहिल्या काही आठवड्यांतच. म्हणून शॉकची घाई न करता साधारण चार महिने वाट पाहतो. टीएसएच मागाहून सावकाश वर येतो, तेव्हा सुरुवातीला टी-फोर आणि टी-थ्री पाहायचे. वय जास्त किंवा थरथर फार जुनी असेल, तर ताल परतण्याची आशा कमी.

काकूंचा ताल सहाव्या आठवड्यात परतला. प्रोप्रानोलॉल हळूहळू कमी करून बंद केलं. वॉर्फरिन मात्र चालूच ठेवलं, कारण वय आणि रक्तदाब होते तिथेच होते. पस्तिशीतल्या, दुसरा कुठलाही आजार नसलेल्या रुग्णाच्या बाबतीत, ताल टिकतो हे पाहून, मी ते बंद करायचा विचार केला असता.