एका झुंडीत मावलेली दहा वर्षे



चरित्रपट पाहून बाहेर पडताना आपण एकमेकांना विचारतो, ‘हे खरंच असं झालं होतं का?’ आजचे व्याख्यान याच प्रश्नावर आहे. उदाहरण आपल्या नागपूरचेच घेतो. नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ 4 मार्च 2022 रोजी प्रदर्शित झाला. त्यातले विजय बोराडे हे पात्र हिस्लॉप कॉलेजचे माजी क्रीडाशिक्षक विजय बारसे यांच्यावर बेतलेले आहे, हे इथे बसलेल्या बहुतेकांना ठाऊक असेल.

आधी प्रत्यक्षात काय घडले ते क्रमाने पाहू. 2001 च्या पावसाळ्यात बारसे यांना झोपडपट्टीतली काही मुले फुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना दिसली. त्यांनी मुलांना चेंडू दिला आणि पुढे झोपडपट्ट्यांमधल्या संघांची स्पर्धा भरवली. काम हळूहळू नागपूरबाहेर गेले. ‘स्लम सॉकर’ या नावाने ते देशभर माहीत झाले आणि 2007 मध्ये कोपनहेगनच्या होमलेस वर्ल्ड कपमध्ये भारताचा संघ उतरला. 2010 मध्ये रिओ दि जानेरोला गेलेल्या संघाचा कर्णधार नागपूरचा अखिलेश पॉल होता. वाईट मार्गावरून आपण फुटबॉलकडे कसे वळलो, हे त्याने पुढे दूरदर्शनच्या पडद्यावर स्वतः सांगितले. बादलीपासून त्या कर्णधारापर्यंत नऊ, म्हणजे जवळपास दहा वर्षे गेली.

आता चित्रपट आठवा. कॉलेजच्या भिंतीपलीकडची पोरे पावसात प्लास्टिकच्या डब्याशी खेळतात. बोराडे सर त्यांना खेळाकडे ओढतात. तीच पोरे कॉलेजच्या संघाशी भिडतात, पुढे मोठी स्पर्धा होते आणि शेवटी त्यांच्यातलाच डॉन परदेशी जायला विमानतळावर पोहोचतो. आरंभापासून शेवटपर्यंत तेच चेहरे आपल्यासमोर असतात. ना पोरांचे वय वाढते, ना सरांचे. कथा आजच्या काळात घडते, त्यामुळे 2001 हे साल पडद्यावर कुठेच उरत नाही.

इथे दोन युक्त्या एकत्र वापरल्या आहेत. अनेक खऱ्या माणसांचे अनुभव एका व्यक्तिरेखेत गोळा केले की संयुक्त पात्र तयार होते. अनेक वर्षांच्या घटना थोड्या दिवसांत किंवा महिन्यांत बसवल्या की काळाचे आकुंचन होते. पटकथालेखकाची अडचण खरी आहे. तीन तासांत प्रेक्षक चाळीस मुलांची नावे लक्षात ठेवू शकत नाही. दर अर्ध्या तासाने नवा नायक आला, तर कुणातच त्याचा जीव गुंतत नाही. मधली चार वर्षे पैशाची जुळवाजुळव आणि मैदानासाठी अर्ज करण्यात गेली असतील, तर त्यावर प्रसंग लिहिणेही कठीण. म्हणून माणसे एकमेकांत विरघळवली जातात आणि वर्षे गाळली जातात.

यात नेमके काय हरवते, हे स्पर्धेच्या एका नियमावरून स्पष्ट होते. होमलेस वर्ल्ड कपमध्ये संघात जास्तीत जास्त आठ खेळाडू असतात, चौघे मैदानात आणि बाकीचे बदली. सामना सात-सात मिनिटांच्या दोन डावांचा असतो. आणि प्रत्येक खेळाडूला आयुष्यात एकदाच या स्पर्धेत खेळता येते. म्हणजे दरवर्षी संपूर्ण संघ नवा उभा करावा लागतो. 2007 चे खेळाडू 2008 मध्ये चालत नाहीत. बारसे यांचे खरे काम या नियमात दिसते. एक झुंड घडवली आणि संपले, असे ते नव्हते. दरवर्षी नवी मुले, नवी घरे, नवी कागदपत्रे, नवे पोलीस ठाणे, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. चित्रपटाने या सगळ्या तुकड्यांची एकच तुकडी केली, आणि चिकाटीची गोष्ट चमत्काराची झाली.

ही पहिली हानी कारणांची आहे. काळ गाळला की त्याने केलेले कामही गाळले जाते. मुलगा बदलतो तो एका भाषणाने किंवा एका सामन्याने, असे आपल्याला वाटू लागते. उद्या एखाद्या वस्तीत तरुण कार्यकर्ता हे काम सुरू करील, सहा महिन्यांत फळ दिसले नाही म्हणून सोडून देईल, आणि दोष स्वतःला देईल. बादलीपासून कोपनहेगनपर्यंत सहा वर्षे लागली, हे त्याला चित्रपटाने सांगितलेले नसते.

दुसरी हानी श्रेयाची. डॉनमध्ये अखिलेशची सावली दिसते, पण डॉन म्हणजे अखिलेश नव्हे. ज्यांचे अनुभव डॉनला मिळाले, त्यांचे काय? कुणाची पोलीस केस, कुणाचा पासपोर्ट, कुणाचे घर, सगळे एका नावावर जमा झाले. त्या मुलांनी पडद्यावर स्वतःला शोधले, तर त्यांना स्वतःचा एखादा प्रसंग सापडेल, पण त्याला दुसऱ्याचा चेहरा असेल.

तिसरी हानी अधिक सूक्ष्म आहे. ती दाखवण्यासाठी रिचर्ड ॲटनबरो यांच्या 1982 च्या ‘गांधी’कडे वळतो. त्यात वॉकर नावाचा अमेरिकन पत्रकार दक्षिण आफ्रिकेत गांधीजींना भेटतो आणि पुढे धारासण्याच्या मिठागरावरचा लाठीहल्ला जगाला कळवतो. असा वॉकर नव्हता. 21 मे 1930 चे वार्तांकन युनायटेड प्रेसच्या वेब मिलर याने केले आणि आफ्रिकेतल्या भेटीशी त्याचा संबंध नव्हता. दोन भूमिका जोडल्याने कथेला धागा मिळाला, पण साक्षीचे स्वरूप बदलले. खऱ्या मिलरच्या वृत्तांताला वजन होते, कारण तो त्रयस्थ होता. वॉकर हा गांधीजींचा जुना परिचित आहे. परिचिताची साक्ष आणि त्रयस्थाची साक्ष यांचे मोल इतिहासात सारखे नसते.

मंजुळे यांच्या बाजूनेही बोलले पाहिजे. त्यांनी बारसेंचे बोराडे केले, कॉलेजचे नाव बदलले. ही कल्पित कथा आहे, अशी खूण प्रामाणिकपणे ठेवली. पण त्यांनी पोरे नागपूरच्या वस्त्यांतलीच घेतली, बोली इथलीच ठेवली. चेहरा आणि बोली इतकी खरी असली की सालवारीही खरीच असेल, असे मन धरून चालते. जितका वास्तवदर्शी चित्रपट, तितकी ही फसगत जास्त.

मग प्रेक्षकाने काय करावे? तीन गोष्टी तपासाव्यात. पडद्यावर साल दिसते का? प्रत्येक निर्णायक क्षणी एकच माणूस हजर असतो का? आणि कथेच्या आरंभीचे पोर शेवटी किती वर्षांचे असायला हवे होते? या तिन्हींची उत्तरे खटकली, तर कुठेतरी माणसे जोडली आहेत किंवा वर्षे गाळली आहेत, असे खुशाल समजावे. आणि निर्मात्यांकडे एकच मागणी आहे: शेवटच्या श्रेयनामावलीत दोन ओळी द्या, कोणते पात्र अनेकांवरून घेतले आणि किती वर्षांचा काळ किती दिवसांत आणला. त्याने कलेचे काहीही बिघडत नाही.

मात्र सगळा भार चित्रपटावर टाकणेही बरोबर नाही. 2007 पासून प्रत्येक स्पर्धेत कोण खेळले, कोणत्या वस्तीतून आले आणि परतल्यावर त्यांचे काय झाले, हे त्या खेळाडूंकडून आणि प्रशिक्षकांकडून आज विचारून घेता येते. आपल्या कॉलेजांच्या इतिहास विभागांनी एकेका वर्षाची तुकडी वाटून घ्यावी, मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात, नावे आणि तारखा लिहून ठेवाव्यात. चित्रपटाने एका झुंडीत बसवलेली ती दहा वर्षे मग वर्षावर्षाने पुन्हा मोजता येतील, आणि प्रत्येक मुलाचा प्रसंग त्याच्या स्वतःच्या नावावर नोंदला जाईल.